रेलूकडून स्विग्लूकडे : ट्रान्सफॉर्मरच्या फीड-फॉरवर्ड थरातील एका बदलाचा इतिहास

प्रस्तावना

संगणकीय भाषा-प्रारूपांच्या अलीकडील इतिहासात सर्वाधिक चर्चा झाली ती 'अटेन्शन' या यंत्रणेची. आशिष वासवानी, नोम शझीर आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या ट्रान्सफॉर्मर रचनेचे नावही तिच्याशीच जोडले गेले. परंतु या रचनेच्या प्रत्येक खंडात अटेन्शननंतर आणखी एक थर असतो. त्याला फीड-फॉरवर्ड थर म्हणतात. मूळ प्रमाणानुसार खंडातील प्राचलांचा हिशेब मांडल्यास अटेन्शनकडे एक तृतीयांश आणि या दुर्लक्षित थराकडे दोन तृतीयांश वाटा येतो. पुढील सहा वर्षांत याच थराची अंतर्गत घडण बदलली. 'रेलू' या साध्या फलनाची जागा 'स्विग्लू' या द्वारयुक्त रचनेने घेतली. हा बदल कसा घडला आणि त्यामागील कारणमीमांसा कितपत सिद्ध झाली आहे, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

मूळ रचना आणि तिची मर्यादा

२०१७ च्या रचनेत फीड-फॉरवर्ड थराचे काम तीन पायऱ्यांत होत असे. प्रत्येक शब्दखंडाचे प्रतिनिधित्व करणारा ५१२ संख्यांचा सदिश प्रथम एका सारणीने गुणून २०४८ संख्यांपर्यंत रुंद केला जाई. मग त्यातील प्रत्येक संख्येवर रेलू हे फलन लावले जाई आणि अखेरीस दुसऱ्या सारणीने गुणून तो पुन्हा ५१२ वर आणला जाई. रेलूचा नियम अगदी सोपा आहे : संख्या धन असेल तर ती जशीच्या तशी पुढे जाते, ऋण असेल तर तिच्या जागी शून्य येते. २०१० मध्ये विनोद नायर व जेफ्री हिंटन यांनी आणि २०११ मध्ये झेवियर ग्लोरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी या फलनाची उपयुक्तता दाखवल्यानंतर ते सर्वत्र रूढ झाले होते. गणनेला स्वस्त आणि धन बाजूला उताराचा संकोच न करणारे, हे त्याचे दोन गुण होते.

त्याची उणीवही याच साधेपणात होती. ऋण बाजूला उत्तर शून्य असते आणि उतारही शून्य असतो. एखाद्या घटकाकडे उणे ०.५ ही संख्या आली, तर त्या उदाहरणापासून तो घटक काहीच शिकत नाही. म्हणून ऋण बाजूलाही थोडा उतार ठेवणारी गुळगुळीत फलने पुढे आली. २०१६ मध्ये डॅन हेन्ड्रिक्स व केविन गिम्पेल यांनी 'गेलू' मांडले. बर्ट आणि जीपीटी या २०१८ मधील प्रारूपांनी ते स्वीकारले. २०१७ मध्ये प्राजित रामचंद्रन, बॅरेट झॉफ व क्वॉक ले यांनी फलनांचा स्वयंचलित शोध घेऊन 'स्विश' पुढे आणले. त्यात संख्येला तिच्याच सिग्मॉइडने गुणले जाते. उणे ०.५ ला स्विशचे उत्तर सुमारे उणे ०.१९ येते आणि उतार ०.२६ च्या आसपास राहतो. म्हणजे शिकण्याचा मार्ग बंद होत नाही. यावरून गुळगुळीत वक्र हाच सुधारणेचा मार्ग आहे, असा समज होणे स्वाभाविक होते.

द्वाराच्या कल्पनेचा स्वतंत्र प्रवाह

याच काळात दुसरा एक प्रवाह समांतर वाहत होता. १९९७ मध्ये सेप होखराइटर व युर्गन श्मिडह्युबर यांनी एलएसटीएम या रचनेत द्वारांचा वापर केला होता. द्वार म्हणजे शून्य ते एक यांमधील अशी संख्या, जिने गुणल्यावर माहितीचा किती अंश पुढे जावा हे ठरते. महत्त्वाचे हे की द्वाराची ही संख्यासुद्धा आलेल्या माहितीवरूनच काढली जाते.

फेसबुकच्या संशोधन विभागातील यान डॉफिन व सहकाऱ्यांनी डिसेंबर २०१६ मध्ये ही कल्पना कॉन्व्होल्यूशनवर आधारित भाषा-प्रारूपात आणली आणि तिला 'गेटेड लिनिअर युनिट', संक्षेपाने 'ग्लू', असे नाव दिले. येथे एकाच सदिशापासून दोन वेगळ्या सारण्यांनी दोन राशी काढल्या जातात. एक राशी सिग्मॉइडमधून जाऊन द्वार बनते. दुसरी राशी कोणत्याही फलनाविना तशीच राहते. मग दोहोंचा घटकशः गुणाकार होतो. पूर्वीच्या एका रचनेत दुसऱ्या राशीवरही 'टॅन-एच' लावले जाई आणि त्यामुळे उतार दोन ठिकाणी आकुंचन पावत असे. दुसरी राशी रेषीय ठेवल्याने द्वार उघडे असताना उताराला मागे जाण्यासाठी सरळ वाट मिळते, असे डॉफिन यांचे प्रतिपादन होते.

२०२० चा प्रयोग

हे दोन प्रवाह एकत्र आले ते फेब्रुवारी २०२० मध्ये. ट्रान्सफॉर्मरच्या मूळ जनकांपैकी एक असलेल्या शझीर यांनी एका छोट्या लेखात फीड-फॉरवर्ड थराच्या पहिल्या अर्ध्या भागाच्या जागी ग्लूची निरनिराळी रूपे बसवून पाहिली. द्वारावर सिग्मॉइडऐवजी स्विश लावले की स्विग्लू, गेलू लावले की गेग्लू आणि रेलू लावले की रेग्लू. जुनी आणि नवी रचना अशी मांडता येते :

```
ReLU:    y = max(0, x W1) W2
SwiGLU:  y = (Swish(x W) * (x V)) W2
```

येथे दोनऐवजी तीन सारण्या आल्या आहेत. अधिक प्राचले दिल्यावर निकाल सुधारला, तर श्रेय रचनेचे की आकाराचे हे कळणार नाही. म्हणून शझीर यांनी मधली रुंदी दोन तृतीयांशावर आणली. प्रयोगातील प्रारूपात सदिश ७६८ संख्यांचा होता. जुन्या रचनेत मधली रुंदी ३०७२ होती. दोन सारण्या मिळून ४७,१८,५९२ प्राचले होतात. नव्या रचनेत रुंदी २०४८ ठेवली आणि सारण्या तीन. बेरीज पुन्हा नेमकी ४७,१८,५९२ येते. त्यामुळे तुलना समान पातळीवर झाली.

निकाल मोजण्यासाठी लॉग-परप्लेक्सिटी हे माप घेतले होते. गाळलेला मजकूर ओळखताना प्रारूप किती गोंधळते, हे त्यावरून कळते. अर्थात आकडा जितका लहान तितके चांगले. ५,२४,२८८ पायऱ्यांच्या प्रशिक्षणानंतर रेलूचा आकडा १.६७७, गेलूचा १.६७९ आणि स्विशचा १.६८३ आला. द्वारयुक्त रूपांत ग्लूचा १.६६३, रेग्लूचा १.६४५, स्विग्लूचा १.६३६ आणि गेग्लूचा १.६३३ आला. रेलू आणि स्विग्लू यांतील ०.०४१ हा फरक दिसायला लहान आहे, पण परप्लेक्सिटीत रूपांतर केल्यास ती ५.३५ वरून ५.१३ वर, म्हणजे सुमारे चार टक्क्यांनी उतरते. आणि तीही एकही प्राचल न वाढवता.

आकड्यांचा अन्वयार्थ

या आकड्यांचे बारकाईने वाचन केल्यास रूढ स्पष्टीकरण टिकत नाही. गुळगुळीत वक्र हे खरे कारण असते, तर द्वाराविना वापरलेल्या स्विशने रेलूला मागे टाकायला हवे होते. प्रत्यक्षात अखेरीस तो किंचित मागेच राहिला. उलट रेग्लूमध्ये तेच जुने, कोपरा असलेले रेलू आहे; तरीही द्वारात बसताच त्याचा आकडा १.६७७ वरून १.६४५ वर आला. त्याहून उद्बोधक आहे ते 'बायलिनिअर' रूप. त्यात द्वारावर कोणतेच फलन नाही. दोन रेषीय राशींचा केवळ गुणाकार आहे. त्याचा आकडा १.६४८ आला. सुधारणेचा मोठा भाग गुणाकारातून आला आणि फलनाच्या निवडीने त्यात थोडी भर घातली, हाच निष्कर्ष यातून निघतो. स्विग्लू व गेग्लू यांतील ०.००३ या अंतराला तर फारसे महत्त्व देता येत नाही. याच प्रयोगमालेत ६५,५३६ पायऱ्यांनंतर, एकाच रचनेच्या पुनरावृत्त प्रशिक्षणांत ०.००३ ते ०.०१० इतके विचलन आढळले होते.

गुणाकाराने नेमके काय साधते? साध्या थरात प्रत्येक मधला घटक आलेल्या सदिशाला एकच प्रश्न विचारतो आणि उत्तर धन आले तर तेच पुढे पाठवतो. द्वारयुक्त थरात एक राशी मजकूर पुरवते आणि दुसरी तो या संदर्भात किती लागू आहे हे ठरवते. दोन गुणविशेष एकत्र आले तरच उत्तर द्यायचे, ही गोष्ट एका घटकाला सहज व्यक्त करता येते. हे स्पष्टीकरण पटण्याजोगे असले तरी ती सिद्धता नव्हे. खुद्द शझीर यांनी लेखाच्या अखेरीस यशाचे कारण सांगण्याचे टाळून, विनोदाने, त्याचे श्रेय ईश्वरी कृपेला दिले होते.

प्रसार आणि नव्या अडचणी

२०२१ मध्ये शरण नारंग व सहकाऱ्यांनी ट्रान्सफॉर्मरमधील अनेक सुधारणांची फेरतपासणी केली. बहुतेक सुधारणा वेगळ्या परिस्थितीत टिकल्या नाहीत. टिकलेल्या मोजक्या सुधारणांत द्वारयुक्त थर होते. २०२२ मध्ये गूगलच्या पाम या प्रारूपाने आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये मेटाच्या लामा या प्रारूपाने स्विग्लू स्वीकारले. लामाच्या सर्वांत लहान प्रारूपात सदिश ४०९६ संख्यांचा आहे. त्याच्या चौपटीचे दोन तृतीयांश म्हणजे सुमारे १०,९२३. ही संख्या २५६ च्या पुढील पटीपर्यंत वाढवून ११,००८ ही रुंदी ठरली. वरवर विचित्र वाटणाऱ्या या आकड्याचे मूळ २०२० मधील त्या समन्यायी तुलनेत आहे.

तथापि जो गुणाकार लाभाचा, तोच अडचणीचाही ठरला. २०२४ मध्ये मॅक्सिम फिशमन व सहकाऱ्यांनी आठ बिटांच्या अंकनपद्धतीत दीर्घ प्रशिक्षण करून पाहिले, तेव्हा सुमारे २०० अब्ज शब्दखंडांनंतर प्रशिक्षण अस्थिर झाले. दीर्घ प्रशिक्षणात काही घटकांच्या दोन्ही सारण्यांतील ओळी एकाच दिशेने वळतात. मग द्वार आणि मजकूर दोन्ही एकदम मोठे होतात. दोन्ही ३० असतील तर गुणाकार ९०० होतो आणि या अंकनाच्या एका प्रचलित रूपाची कमाल मर्यादा ४४८ आहे. संख्या आधी लहान करून साठवता येतात, पण ते प्रमाण मागील पायऱ्यांवरून ठरवले असेल तर अचानक उसळलेली संख्या त्यात मावत नाही. रेलूच्या थरात हा वर्ग होण्याचा प्रकार नसतो. शिवाय रेलू अचूक शून्य देते, त्यामुळे बरीच गणना वगळता येते. स्विशचे उत्तर मात्र क्वचितच शून्य असते. म्हणूनच रेलूचा पूर्ण अस्त झाला नाही. २०२४ मधील नेमोट्रॉन-४ या प्रारूपाने रेलूचा वर्ग वापरला. त्यातही राशी स्वतःलाच गुणते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

समारोप

रेलूकडून स्विग्लूकडे झालेले संक्रमण हे एका वक्राच्या जागी दुसरा वक्र येणे नव्हते. थराच्या मध्यभागी गुणाकार आला, हा त्यातील मूळ बदल होय. स्विश हे त्या गुणाकाराचे एक सोयीस्कर रूप ठरले. हा बदल सिद्धान्तातून निघाला नाही. प्राचलांची संख्या समान ठेवून केलेल्या तुलनेतून तो पुढे आला आणि स्वतंत्र फेरतपासणीत टिकला म्हणून रूढ झाला. त्याचे कारण अद्याप निर्णायकपणे सांगता आलेले नाही. त्याची किंमत कोठे मोजावी लागते, हे मात्र आठ बिटांच्या प्रयोगाने दाखवून दिले आहे.