आकड्यांची यादी ठरावीक रुंदीच्या बायनरी आणि हेक्समध्ये कशी लिहावी?

अकरावी-बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलेल्या मुलामुलींना एक गृहपाठ हमखास मिळतो: दिलेल्या दशमान संख्यांची यादी ८ बिटच्या बायनरीत आणि दोन अंकी हेक्समध्ये लिहा. भागाकार बहुतेकांना जमतो. मार्क जातात ते ‘८ बिट’ आणि ‘दोन अंकी’ या शब्दांकडे दुर्लक्ष केल्यामुळे. म्हणून हा लेख मुख्यतः त्या रुंदीबद्दल आहे. उदाहरणासाठी २००, ४५ आणि ७ ही यादी घेऊ.

रुंदी ठरवायचीच कशाला?

वहीत आपण दोन संख्यांच्या मध्ये स्वल्पविराम देतो. कॉम्प्युटरच्या मेमरीत असा स्वल्पविराम नसतो, सगळे बिट एकामागोमाग एक पडलेले असतात. कुठे एक संख्या संपली आणि दुसरी सुरू झाली, हे फक्त रुंदीवरूनच कळतं.

वेबपेजवरचा रंग बघा. लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, प्रत्येक ० ते २५५ मधला, हेक्समध्ये दोन-दोन अंकांत लिहून सलग जोडतात. आपली यादी रंग म्हणून लिहिली तर लालसर शेंदरी रंगाचा कोड मिळतो: `#C82D07`. इथे ७ हा `07` असा लिहिलाय. पुढचं शून्य ‘बिनकामाचं’ समजून गाळलं, तर `C82D7` असे पाचच अंक उरतात. मग शेवटचा आकडा `7` आहे, `D7` आहे की आणखी काही, हे कोणालाच सांगता येणार नाही.

४५ चं पूर्ण उदाहरण

४५ ला २ ने भागत जायचं आणि प्रत्येक वेळी बाकी लिहायची:

```
45 / 2 = 22   बाकी 1
22 / 2 = 11   बाकी 0
11 / 2 =  5   बाकी 1
 5 / 2 =  2   बाकी 1
 2 / 2 =  1   बाकी 0
 1 / 2 =  0   बाकी 1
```

बाक्या खालून वर वाचल्या की `101101` मिळतं. हे सहाच अंक आहेत, आपल्याला आठ हवेत. म्हणून डावीकडे दोन शून्यं लावायची: `00101101`. उजवीकडे लावली तर `10110100` होईल, आणि ते ४५ नाही, त्याची चौपट म्हणजे १८० आहे. दशमानातही ४५ च्या पुढे शून्य लिहिलं तर काही बदलत नाही, मागे लिहिलं की ४५० होतात. नियम तोच.

आता हेक्स. त्यासाठी पुन्हा १६ ने भागत बसायची गरज नाही. चार बिटचा एक गट (याला निबल म्हणतात) म्हणजे हेक्सचा एक अंक. ० ते ९ तसेच राहतात आणि १० ते १५ साठी `A` ते `F` ही अक्षरं येतात. `0010` म्हणजे २ आणि `1101` म्हणजे १३, अर्थात `D`. उत्तर आलं `2D`.

इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. काही मुलं शून्यं न लावताच `101101` चे डावीकडून गट पाडतात: `1011` आणि `01`. उत्तर येतं `B1`, म्हणजे १७७! गट नेहमी उजवीकडून पाडायचे. पण आधीच आठ अंक पूर्ण केले असतील, तर कुठूनही पाडा, गट तेच येतात. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी भागाकार, मग शून्यं, मग चार-चारचे गट.

आठ बिट पुरले नाहीत तर?

आठ बिटमध्ये ० ते २५५ एवढंच मावतं. यादीत ३०० आला तर त्याचं बायनरी `100101100`, म्हणजे नऊ अंक. डावीकडचा एक अंक कापून आठ करायचे नाहीत, कारण उरलेलं `00101100` म्हणजे फक्त ४४. अशा वेळी ‘८ बिटमध्ये मावत नाही’ असं लिहावं किंवा पूर्ण यादीच १६ बिटमध्ये घ्यावी. १६ बिटमध्ये ३०० म्हणजे `0000000100101100` आणि हेक्समध्ये `012C`.

१६ बिटचं आपल्या रोजच्या वापरातलं उदाहरण म्हणजे युनिकोड. देवनागरी ‘अ’ चा क्रमांक २३०९, हेक्समध्ये `0905`. उर्दूतल्या अलिफचा १५७५, हेक्समध्ये `0627`. म्हणून हे कोड `U+0905` आणि `U+0627` असे निदान चार अंकांत छापलेले दिसतात. हेक्सवरून बायनरीत परत येताना मात्र प्रत्येक अंकाला पूर्ण चार बिट द्यायचे. `0905` चं `0000 1001 0000 0101` होतं. मधल्या शून्याला एकच बिट आणि पाचला तीनच बिट दिले, तर `10010101` होतं, म्हणजे १४९. ‘अ’ शी त्याचा काही संबंध नाही.

पायथनमध्ये यादी

वहीत केल्यावर ताळा म्हणून हा छोटा प्रोग्राम चालवता येईल:

```python
for n in [200, 45, 7]:
    print(n, format(n, '08b'), format(n, '02X'))
```

स्क्रीनवर असं दिसेल:

```
200 11001000 C8
45 00101101 2D
7 00000111 07
```

`08b` मधला `b` म्हणजे बायनरी, `8` म्हणजे रुंदी आणि पुढचं `0` म्हणजे रिकामी जागा शून्याने भरा. ते `0` विसरलात तर शून्यांऐवजी मोकळी जागा येते. `X` मोठा लिहिला की अक्षरंही मोठी येतात.

पण एक गोष्ट सांभाळा. इथली रुंदी ‘कमीत कमी’ असते. ३०० दिला तर पायथन कुठलीही एरर न देता नऊ अंक छापतो. म्हणून आधी संख्या ० ते २५५ मध्ये आहे का, हे तपासावं.

ऋण संख्येचंही तसंच. `format(-45, '08b')` दिलं की `-0101101` येतं. मोजले तर आठ चिन्हं भरतात, पण त्यातलं एक उणे चिन्ह आहे, बिट नाही. वर्गात टूज कॉम्प्लिमेंट अपेक्षित असेल तर `format(-45 & 0xFF, '08b')` असं लिहायचं. उत्तर `11010011`, हेक्समध्ये `D3`. हातानेही पडताळता येतं: २५६ मधून ४५ गेले की २११ राहतात, आणि २११ चं बायनरी हेच आहे. टूज कॉम्प्लिमेंटमध्ये ८ बिटची मर्यादा उणे १२८ ते अधिक १२७ अशी होते, हे विसरू नये.

घरच्या घरी तपासणी

आई-वडिलांना विषय येत नसला तरी ८ बिटची साधी, धन संख्यांची वही तपासता येते. प्रत्येक बायनरीत आठ अंक आहेत का, ते मोजा. विषम संख्येच्या शेवटी `1` आणि सम संख्येच्या शेवटी `0` असलाच पाहिजे. संख्या १२८ किंवा जास्त असेल तर पहिला अंक `1`, नाहीतर `0`. आणि हेक्ससाठी पहिल्या अंकाला १६ ने गुणून दुसरा मिळवा: `2D` साठी २ गुणिले १६ म्हणजे ३२, त्यात १३ मिळवले की ४५. `C8` साठी १२ गुणिले १६ म्हणजे १९२, अधिक ८, झाले २००. बेरीज जुळली नाही, तर आधी गट कुठून पाडलेत ते बघा.