रियाल पुल्लिंगी, मग त्याच्या मागचा 'पाच' स्त्रीलिंगी का? अरबी आकड्यांचा उलटा नियम समजून घ्या

घरातलं कुणी आखातात नोकरीला असेल, तर सौदी अरेबियाची पाच रियालची नोट तुम्ही कधीतरी हातात घेतली असेल. तिच्यावर अरबीत लिहिलेलं असतं 'खम्सत रियालात', म्हणजे पाच रियाल. या 'खम्सत'च्या शेवटी एक गोल अक्षर असतं, वर दोन टिंबं असलेलं. त्याला 'ता मर्बूता' म्हणतात. शब्द एकटा आला तर त्याचा उच्चार नुसता 'आ' होतो (खम्सा), आणि पुढे मोजलेली वस्तू आली की त्यातला 'त' ऐकू येतो (खम्सत).

गोची अशी की, हे अक्षर अरबीत स्त्रीलिंगाची ओळख आहे. तालिब म्हणजे विद्यार्थी, तालिबा म्हणजे विद्यार्थिनी. कबीर म्हणजे मोठा, कबीरा म्हणजे मोठी. आणि रियाल तर पुल्लिंगी शब्द आहे! मग त्याच्यासमोर स्त्रीलिंगी दिसणारा पाच कसा?

ही छपाईची चूक नाही. तीन ते दहा या आकड्यांचा नियमच असा आहे: वस्तू पुल्लिंगी असेल तर आकड्याला 'ता मर्बूता' लागतो, वस्तू स्त्रीलिंगी असेल तर तो गळतो.

मराठीत हे कसं वाटेल?

आपल्याकडे तीन मुलगे आणि तीन मुली, 'तीन' तसाच राहतो. पण माणसं मोजताना आपण तिघे-तिघी, चौघे-चौघी असा फरक करतो. तिघे मुलगे, तिघी मुली. सरळ हिशोब. आता कल्पना करा की व्याकरणाच्या पुस्तकात 'तिघी मुलगे' आणि 'तिघे मुली' हेच शुद्ध आहे. प्रमाण अरबीत नेमकं हेच होतं, तेही फक्त माणसांपुरतं नाही, तर पुस्तकं, दिवस, पैसे सगळ्यांसाठी. तीन विद्यार्थी म्हणजे 'थलाथत तुल्लाब', तीन विद्यार्थिनी म्हणजे 'थलाथ तालिबात'. (इथला 'थ' जीभ दातांत धरून म्हणायचा. शब्दांच्या शेवटी लागणारे विभक्तीचे स्वर सोपेपणासाठी गाळले आहेत.)

एक आणि दोन या भानगडीत नाहीत. एक हा विशेषणासारखा नावानंतर येतो आणि सरळ लिंग पाळतो. दोनसाठी तर शब्दालाच द्विवचन आहे, संस्कृतसारखं: दोन रियाल म्हणजे 'रियालान'. तीनपासून मात्र नाव अनेकवचनात आणि षष्ठीत जातं, आणि आकडा उलटतो.

खरा सापळा अनेकवचनात आहे

पुन्हा नोटेकडे बघा. 'रियालात'मधला 'आत' हा प्रत्यय एरवी स्त्रीलिंगी अनेकवचनाचा आहे, वरच्या 'तालिबात'सारखा. त्यामुळे नवशिका माणूस म्हणतो, नाव स्त्रीलिंगी दिसतंय, आकडा उलटा करायचा, म्हणजे 'खम्स रियालात'. आणि तिथेच फसतो. लिंग अनेकवचनावरून ठरत नाही, एकवचनावरून ठरतं. एक रियाल पुल्लिंगी, म्हणून 'खम्सत रियालात'.

उलट बाजूनेही हेच होतं. शहर म्हणजे मदीना, स्त्रीलिंगी. त्याचं अनेकवचन 'मुदुन', ज्यात स्त्रीलिंगाची कसलीच खूण नाही. तरी तीन शहरं म्हणजे 'थलाथ मुदुन', कारण एकवचन स्त्रीलिंगी आहे.

एक उदाहरण पूर्ण सोडवून बघू. दुबई टूरच्या जाहिरातीत असतं तसं 'चार दिवस आणि तीन रात्री' अरबीत म्हणायचंय. दिवस म्हणजे 'यौम', अनेकवचन 'अय्याम'. एकवचनाकडे या: यौम पुल्लिंगी आहे, म्हणून चारला 'ता' लागणार: 'अर्बअत अय्याम'. रात्र म्हणजे 'लैला', अनेकवचन 'लयाली'. लैला स्त्रीलिंगी, म्हणून तीनचा 'ता' गळणार: 'थलाथ लयाल' (शेवटचा 'ई' इथे गळतो). जोडून झालं 'अर्बअत अय्याम व थलाथ लयाल'. एकाच वाक्यात एका आकड्याला 'ता' आहे, दुसऱ्याला नाही.

आता यात विशेषण घाला, म्हणजे मजा बघा. निर्जीव वस्तूंचं अनेकवचन आलं की अरबी विशेषण त्याला एकवचनी स्त्रीलिंगी समजून वागतं. त्यामुळे पाच नवे दिरहम होतात 'खम्सत दराहिम जदीदा'. आकडा म्हणतो दिरहम पुल्लिंगी, विशेषण म्हणतं दराहिम स्त्रीलिंगी, आणि व्याकरणाच्या दृष्टीने दोघंही बरोबर!

दहाच्या पुढे गेलं की वेगळंच जग सुरू होतं. अमिरातीच्या दहाच्या नोटेवर 'अशरत दराहिम' असं अनेकवचन आहे. वीसच्या नोटेवर 'इश्रून दिरहमन' येतं, म्हणजे दिरहम एकवचनात, आणि 'इश्रून' कुठल्याही लिंगाला तसाच.

पण असं का?

यावर अभ्यासकांचं एकमत नाही. जुने अरब व्याकरणकार सांगायचे की 'ता' असलेलं रूपच आकड्याचं मूळ रूप. ते आधी पुल्लिंगी नावांना मिळालं, आणि मग फरक दाखवायला स्त्रीलिंगी नावांसमोर 'ता' काढला गेला. सुट्टे आकडे मोजताना अरबी माणूस आजही 'थलाथा, अर्बआ, खम्सा' असं 'ता'वालं रूपच म्हणतो, हा त्यांच्या बाजूचा मुद्दा. आधुनिक अभ्यासातला एक विचार असा की हे आकडे मुळात विशेषणं नव्हतीच, ती आपल्या त्रिकूट, पंचक यांसारखी नामं होती. नाव षष्ठीत का जातं, हे त्यातून छान उलगडतं: 'दिवसांचं पंचक'. तरी हा 'ता' पुल्लिंगाच्याच वाट्याला का आला, हा प्रश्न उरतोच.

हे फक्त अरबीत नाही. हिब्रूतही तीन मुलगे 'श्लोशा बानिम' आणि तीन मुली 'शालोश बानोत'. हजारो वर्षांपूर्वीच्या अक्कादी भाषेतही हा उलटा प्रकार होता. म्हणजे या भाषाकुळाची ही फार जुनी खोड आहे.

रुपया गेला, दिरहम आला

यात आपलाही एक धागा आहे. आखाताच्या बऱ्याच भागात 1960च्या दशकापर्यंत रुपया चालायचा. 1959मध्ये रिझर्व्ह बँकेने तिथल्यासाठी वेगळा 'गल्फ रुपया'ही काढला होता. अरबीत रुपया म्हणजे 'रूबिय्या', आणि तो स्त्रीलिंगी आहे. त्यामुळे लिखित अरबीत पाच रुपये 'खम्स रूबिय्यात' होतात, पण पाच दिरहम 'खम्सत दराहिम'. चलन बदललं तसा आकडाही बदलला.

बाजारात मात्र हे कुणी पाळत नाही. बोलीभाषांनी नियम सोपा करून टाकलाय: पुढे वस्तू असेल तर आखूड रूप, नसेल तर लांब रूप, लिंगाशी संबंध नाही. कैरोत तीन पुस्तकं 'तलत कुतुब' आणि तीन मुली 'तलत बनात'. पैशांचा तिथे आणखी वेगळा खाक्या, पाच पाउंड म्हणजे थेट 'खम्सा गिनेह', लांब रूप आणि चलन एकवचनात. जुन्या 'ता'चा एक तुकडा मात्र चिकटून राहिलाय. सात दिवस म्हणताना ऐकू येतं 'सबअ तिय्याम', म्हणजे आकड्याचा 'त' सुटून दिवसाला जाऊन बसलाय. इस्रायलमध्येही पुस्तकी रूप 'असारा श्कालिम' असताना दुकानदार सर्रास 'एसेर शेकेल' म्हणतो.

अडचण होते ती बातम्या वाचणाऱ्यांची. समोर नुसतं '5' लिहिलेलं असतं, आणि पुढच्या शब्दाचं एकवचन आठवून, त्याचं लिंग ठरवून, ते उलटवून तोंडातून काढायचं असतं, तेही कॅमेरा चालू असताना.