गुडविलचे मूल्य आणि लेखापरीक्षकांची तपासणी

मुंबईस्थित टाटा स्टीलने २००७ मध्ये कोरस ही अँग्लो-डच पोलाद कंपनी विकत घेतली. निव्वळ मालमत्तेच्या वाजवी मूल्यापेक्षा जादा मोजलेली किंमत ताळेबंदात 'गुडविल' म्हणून नोंदली जाते. युरोपातील मागणी घटल्याने मे २०१३ मध्ये कंपनीने प्रामुख्याने गुडविलपोटी सुमारे १.६ अब्ज डॉलरची मूल्यघट जाहीर केली.

ही घट दरवर्षी तपासावी लागते आणि तिचे उत्तर दोन आकड्यांवर फिरते. समजा, एका व्यवसायाचे गुडविलसह पुस्तकी मूल्य ११५० कोटी रुपये असून पुढील वर्षी त्यातून १०० कोटी रोकड अपेक्षित आहे. व्यवस्थापनाने वटावाचा दर १२ टक्के आणि कायमस्वरूपी वाढ ४ टक्के धरल्यास १०० कोटींना ८ टक्क्यांनी भागून मूल्य १२५० कोटी येते. घट शून्य. दर १३ आणि वाढ ३ टक्के धरताच ते हजार कोटींवर उतरते. दीडशे कोटींचा तोटा दाखवावा लागतो.

त्यामुळे लेखापरीक्षक सरकारी रोख्यांचा परतावा व तत्सम कंपन्यांची जोखीम पाहून दर स्वतंत्रपणे काढतात. रोकड पौंडात असेल, तर दरही पौंडाचाच हवा. मागील वर्षांचे अंदाज प्रत्यक्षात किती उतरले, हा प्रश्न मात्र व्यवस्थापनाला सर्वाधिक अडचणीचा ठरतो. एकदा घटवलेले गुडविल भारतीय लेखामानक ३६ नुसार पुन्हा वाढवता येत नाही.