गाऊसच्या पूर्णांकांतली मूळ संख्या: बाक्या किती आणि कशा मोजायच्या?

a+bi (a, b पूर्णांक) अशा संख्यांना गाऊसचे पूर्णांक म्हणतात. त्यांना त्यांच्यातल्याच एखाद्या मूळ संख्येने भागून फक्त बाकी ठेवली, तर एक छोटं क्षेत्र मिळतं. म्हणजे तिथे शून्य सोडून कशानेही भागता येतं. घटक किती? त्या मूळ संख्येचा नॉर्म, म्हणजे a²+b², जितका असेल तितके.

2+i घ्या. नॉर्म 5, म्हणून पाच घटक. (2+i)(2−i) = 5, त्यामुळे 2+i शून्य धरलं की 5 सुद्धा शून्य होतो, आणि i = −2 म्हणजेच 3. मग a+bi ची बाकी काढायला a+3b ला 5 ने भागायचं, बस. 4+3i साठी 13 येतात, बाकी 3. पडताळा: (4+3i) − 3 = (2+i)(1+i).

3 मात्र इथेही मूळच राहते. नॉर्म 9, घटक नऊ: a आणि b प्रत्येकी 0, 1 किंवा 2. कोडमध्ये इथे `% 9` लिहिलं की फसलात, कारण तिथे 3×3 = 0 होतं आणि 3 ने भागता येत नाही. a आणि b वेगवेगळे ठेवून दोघांवर `% 3` चालवा. मग 1+i चा व्यस्तही सापडतो: (1+i)(2+i) = 1+3i = 1.

5 ने भागलं तर पंचवीस बाक्या उरतात, पण ते क्षेत्र नाही. तिथे 2+i आणि 2−i दोन्ही शून्य नसूनही त्यांचा गुणाकार शून्य येतो.