महिन्यांचाही वाटा

गणितातले आपले महावीराचार्य म्हणजे तीर्थंकर भगवान नव्हेत. हे नवव्या शतकातले, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले. राजाची राजधानी मान्यखेट, म्हणजे कलबुर्गीकडचं आजचं मळखेड. त्यांच्या 'गणितसारसंग्रहा'ची सुरुवातच जिनवंदनेनं होते. पण त्यातलं मिश्रक व्यवहाराचं प्रकरण वाचलं, की बाजारपेठेत बसल्यासारखं वाटतं.

त्यातलंच एक उदाहरण घेते. चार रकमा व्याजानं दिल्या: 40, 30, 20 आणि 50. पहिली 5 महिने, दुसरी 4, तिसरी 3 आणि चौथी 6 महिने. सगळ्यांचं मिळून व्याज आलं 34. तर कुणाचं किती?

आचार्य सांगतात, प्रत्येक रकमेला तिच्या महिन्यांनी गुणा. 200, 120, 60 आणि 300 येतात. बेरीज 680. आता 34 ला 680 नं भागलं की विसावा हिस्सा. प्रत्येक गुणाकाराचा विसावा हिस्सा काढला, तर 10, 6, 3 आणि 15. बेरीज करून बघा, बरोबर 34 भरते.

भागीदारीतला नफाही असाच वाटतात. समजा, दोघी जावांनी साड्यांचा धंदा केला. थोरलीनं 20,000 रुपये वर्षभर गुंतवले. धाकटीनं 30,000 घातले, पण शेवटच्या 4 महिन्यांपुरते. नफा झाला 18,000. नुसत्या रकमेवर वाटलं तर धाकटीला 10,800 आणि थोरलीला 7,200. थोरलीचे पैसे आठ महिने एकटेच राबले, त्याचं काय? महिन्यांनी गुणलं तर तिचे 2,40,000 आणि धाकटीचे 1,20,000 होतात. म्हणजे दोनास एक. थोरलीला 12,000, धाकटीला 6,000.

मधेच कुणी पैसे काढले तर त्या तारखेला हिशेबाचे दोन तुकडे करायचे. थोरलीनं सहा महिन्यांनी 10,000 काढून घेतले असते, तर 20,000 गुणिले 6 आणि उरलेले 10,000 गुणिले 6, मिळून 1,80,000. म्हणून वहीत रकमेइतकीच तारीखही महत्त्वाची. बायकांचे पैसे घरच्या दुकानात जातात, तेव्हा नेमकी तीच लिहायची राहते. मग वाटणीच्या दिवशी 'तुझे किती होते?' एवढंच विचारतात, 'केव्हापासून होते?' हे कुणी विचारत नाही.

या रीतीला मर्यादाही आहे. ती सगळे महिने सारखेच धरते. दिवाळीचा महिना आणि ऐन पावसाळ्यातला महिना तिला एकच. दुकानात दिवसभर बसणारीची मेहनतही त्यात येत नाही. तिचा पगार किंवा वेगळा हिस्सा आधी ठरवून नफ्यातून बाजूला काढायचा आणि मग उरलेल्याला गुणाकार लावायचा. हे सगळं पैसे घालतानाच लिहून ठेवावं. नफा हातात आल्यावर नियम ठरवायला बसलं, की जो तो आपल्या सोयीचा नियम सांगतो.