पोस्टपेड बिलाचं ऑटोपे फेल झालं तर आउटगोइंग कधी बंद होतं?

मागच्या महिन्यात नाशिकरोड स्टेशनवर उतरलो आणि घरी फोन लावला, तर रेकॉर्डेड आवाज आला, 'बिल थकीत असल्याने आउटगोइंग सेवा बंद आहे.' मला वाटलं चुकून झालं असेल. यूपीआय ऑटोपे तर लावलेलं होतं, खात्यात पैसेही होते!

चूक शोधायला स्टेशनजवळच्या मित्राचं वाय-फाय घेतलं. माझा प्लॅन ४४९ रुपयांचा. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून बिल व्हायचं ५२९.८२ रुपये. ऑटोपे सेट करताना मी कमाल मर्यादा ६०० ठेवली होती. मध्येच आईसाठी १५० रुपयांचं जोड सिम घेतलं आणि बिल झालं ७०६.८२. मर्यादेपेक्षा जास्त रक्कम ऑटोपेमधून कापलीच जात नाही, खात्यात लाखभर असले तरी.

हे आधी ओळखता येतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑटोपेचे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. ड्यू डेट जवळ आली आणि अशी सूचना आली नाही, तर काहीतरी अडकलंय असं समजा. मला आली नव्हती. कटकट वाचली म्हणून मी खूश होतो, हा माझा शहाणपणा!

ड्यू डेट उलटली की लेट फी लागते. माझ्या बाबतीत ती १०० रुपये होती. तिच्यावरही जीएसटी लागतो, म्हणजे ११८. ती पुढच्या बिलात दिसते, त्यामुळे आज दंड झालाय हे कळतच नाही. आउटगोइंग मात्र त्याच दिवशी बंद होत नाही. आधी आठवणीचे मेसेज येतात, मग आउटगोइंग बंद, पुढे इनकमिंगही आणि शेवटी नंबरच जातो. किती दिवसांनी काय, हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते, बिलावरच्या अटींत बघा. आणखी एक गोष्ट म्हणजे क्रेडिट लिमिट. रोमिंगमुळे वापर तिच्यापुढे गेला तर ड्यू डेटच्या आधीही आउटगोइंग अडू शकतं.

माझं इंटरनेटही बंद होतं, पण इनकमिंग आणि ओटीपीचे मेसेज येत होते, म्हणून वाय-फायवरून लगेच बिल भरता आलं. काही तासांत कॉल सुरू झाले. (११२ हा आपत्कालीन नंबर आउटगोइंग बंद असतानाही लागतो.)

पण बिल भरलं म्हणजे ऑटोपे दुरुस्त होत नाही. जुनी ६०० ची मर्यादा तशीच राहते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. म्हणून यूपीआय अ‍ॅपमधल्या ऑटोपे विभागात जाऊन मी जुनी परवानगी रद्द केली आणि १५०० ची नवी घेतली. ऑटोपे खात्यात पैसे नसल्यामुळे फेल झालं असेल, तर कंपनी पुन्हा प्रयत्न करू शकते. अशा वेळी हाताने बिल भरल्यावर दोनदा पैसे कापले गेले नाहीत ना, हे दोन-चार दिवस खात्यात बघत राहा. कापले गेलेच तर जास्तीची रक्कम बहुतेक वेळा पुढच्या बिलात वळती होते.