मुद्दल परतण्याचा दिवस : चलन-अदलाबदलीच्या अभ्यासाची प्रस्तावना

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींमधल्या फाउंड्र्या देशभरच्या वाहन आणि पंप उद्योगांना कास्टिंग पुरवतात आणि त्यांतल्या काहींचा माल थेट युरोपला जातो. अशा कारखान्याच्या हिशेबाच्या वहीत दोन चलनं शेजारी शेजारी नांदतात. लोखंडी स्क्रॅप, वीज आणि मजुरी यांचा खर्च रुपयांत होतो, तर विक्रीचा काही भाग युरोत येतो. कर्ज मात्र बहुधा रुपयांतच असतं, कारण कारखान्याला ओळखणारी बँक कोल्हापुरातली असते. हे पुस्तक या वहीशी रोज संबंध येणाऱ्या हिशेबनिसांसाठी आहे, आणि शिवाजी विद्यापीठातल्या वाणिज्य व अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठीही आहे. पुढच्या प्रकरणांत सूत्रं येतील. त्याआधी एकच व्यवहार पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत पाहू.

उदाहरण काल्पनिक आहे. आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून निवडले आहेत. शिरोलीतल्या एका फाउंड्रीला जर्मनीतून १० लाख युरोंची मोल्डिंग लाइन आणायची आहे. तिला युरोत कमाई आहे, म्हणून कर्जही युरोतच असावं असं तिला वाटतं. पण युरोपातल्या बँकेला ही फाउंड्री परकी, ती ६.५ टक्के मागते. स्थानिक बँक मात्र तिचा ताळेबंद, तिची जागा आणि वर्षानुवर्षांची परतफेड पाहत आलेली असल्याने रुपयांत ९ टक्क्यांनी कर्ज देते. दुसऱ्या बाजूला एक जर्मन कंपनी आहे. तिला महाराष्ट्रातल्या कारखान्यासाठी ९ कोटी रुपये हवेत. तिला मायदेशी युरो ४ टक्क्यांनी मिळतात, भारतात रुपये ८.५ टक्क्यांनी. म्हणजे दोन्ही बाजारांत जर्मन कंपनीच वरचढ आहे. तरीही युरोच्या बाजारात हा फरक अडीच टक्क्यांचा आहे आणि रुपयाच्या बाजारात फक्त अर्ध्या टक्क्याचा. या दोन फरकांमधल्या दोन टक्क्यांतूनच चलन-अदलाबदलीचा, म्हणजे स्वॅपचा, व्यवहार जन्माला येतो.

भारतात असे दोन पक्ष सहसा एकमेकांना थेट भेटत नाहीत. मध्ये परकीय चलनाचे व्यवहार करण्याची परवानगी असलेली बँक असते आणि प्रत्येक पक्षाचा करार तिच्याशी होतो. दर ठरतात ते असे : फाउंड्री बँकेला युरोवर ५.७ टक्के देईल आणि रुपयांवर ९ टक्के घेईल. जर्मन कंपनी रुपयांवर ७.७ टक्के देईल आणि युरोवर ४ टक्के घेईल. मुदत तीन वर्षं, व्याज वर्षातून एकदा. करारादिवशी एका युरोला ९० रुपये हा बाजारभाव होता. तोच करारात लिहिला जातो.

पहिल्या दिवशी मुद्दलाची देवाणघेवाण होते. फाउंड्री स्थानिक बँकेकडून घेतलेले ९ कोटी रुपये स्वॅप करणाऱ्या बँकेला देते आणि १० लाख युरो घेऊन यंत्राचे पैसे चुकते करते. जर्मन कंपनी आपल्या देशात काढलेले १० लाख युरो देते आणि ९ कोटी रुपये घेते. मूळ कर्जं ज्याच्या त्याच्या नावावरच राहतात.

वर्ष संपलं की व्याजाची तारीख येते. फाउंड्रीला ८१ लाख रुपये मिळतात आणि ते जसेच्या तसे स्थानिक बँकेच्या व्याजात जातात. तिच्या खिशातून जातात ५७ हजार युरो, आणि ते निर्यातीच्या आवकेतून भागतात. जर्मन कंपनीला ४० हजार युरो मिळून तिचं घरचं व्याज भागतं, आणि ती ६९ लाख ३० हजार रुपये देते. मधल्या बँकेकडे १७ हजार युरो शिल्लक राहतात, पण रुपयांत तिला ११ लाख ७० हजारांची तूट येते. ९० च्या भावाने ते युरो १५ लाख ३० हजारांचे, म्हणून तिचा नफा ३ लाख ६० हजार रुपये. हा नफा दोन चलनांत विभागलेला असल्याने युरो घसरला तर तो आटतो. म्हणून ती हे युरो आधीच वायद्याने विकून ठेवते. बँकेची ही बाजू पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्यांमध्ये बहुतेकदा दिसतच नाही, म्हणून पुस्तकात तिला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे.

दुसऱ्या वर्षी हेच पुन्हा होतं. तिसऱ्या वर्षी व्याजाबरोबर मुद्दल उलटं फिरतं : फाउंड्री १० लाख युरो परत देते आणि ९ कोटी रुपये परत घेते. बाजारात त्या दिवशी युरो ८० ला असो वा ११० ला, ही अदलाबदल ९० च्याच भावाने होते. साध्या व्याजदराच्या स्वॅपमध्ये मुद्दल फक्त हिशेबापुरतं असतं, कुणी ते कुणाला देत नाही. इथे ते खरोखर हात बदलतं, आणि चलनाची बहुतेक जोखीम त्याच शेवटच्या ओळीत येऊन बसलेली असते. म्हणून माझी वाचकाला विनंती आहे की कराराचा मसुदा हाती आला की आधी शेवटची तारीख वाचावी, व्याजाचे दर नंतर.

युरो १०० रुपयांवर गेला असं समजा. निर्यातीतून युरो मिळवणाऱ्या फाउंड्रीला काळजी नाही. ती कमावलेलेच युरो परत देते. पण युरोची आवकच नसलेल्या कारखान्याने केवळ ‘९ ऐवजी ५.७ टक्के’ या मोहाने हाच करार केला असेल, तर त्याला १० लाख युरो १० कोटी रुपयांना विकत घेऊन ९ कोटी स्वीकारावे लागतात. तीन वर्षांत वाचवलेलं व्याज या एका कोटीपुढे टिकत नाही. स्वस्त व्याजाच्या चलनात कर्ज घेणं म्हणजे बचत, ही समजूत इथेच फसते. रुपयाचा ठोक व्याजदर ७ टक्के आणि युरोचा ३ टक्के असेल, तर आज ९० ला असलेल्या युरोचा एका वर्षाच्या वायद्याचा भाव सुमारे ९३ रुपये ५० पैसे निघतो. व्याजातला फरक बाजाराने भावात आधीच धरलेला असतो. तेव्हा उदाहरणातला फाउंड्रीचा खरा लाभ ९ आणि ५.७ मधला नाही. तो ६.५ आणि ५.७ मधला आहे, म्हणजे वर्षाला ८ हजार युरो. कराराची योग्यता याच आकड्यावर जोखावी.

एवढा लाभही निखळ नसतो. युरोपातली बँक जास्त दर मागत होती तो जोखमीपोटी, आणि ती जोखीम नाहीशी झालेली नाही. तिचा काही भाग आता मधल्या बँकेने अंगावर घेतला आहे आणि त्याचा मोबदला ती घेते आहे. शिवाय टक्क्यांची बेरीज दोन वेगळ्या चलनांतली आहे, त्यामुळे ‘एकूण दोन टक्के’ हा आकडा फक्त करारादिवशीच्या भावाला खरा असतो.

हा प्रकार आला कुठून? १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये परकीय चलनावर निर्बंध असताना समांतर कर्जांची पद्धत होती. ब्रिटिश कंपनी आपल्या देशातल्या अमेरिकी उपकंपनीला पौंड द्यायची आणि तिकडे अमेरिकी कंपनी ब्रिटिश उपकंपनीला डॉलर द्यायची. अडचण अशी की हे दोन वेगळे करार असत; एकाने पैसे बुडवले म्हणून दुसऱ्याची देणी आपोआप सुटत नसत. दोन्ही देणी एकाच करारात गुंफली की ही अडचण सुटते. १९८१ च्या ऑगस्टमध्ये सॉलोमन ब्रदर्सच्या मध्यस्थीने आयबीएम आणि जागतिक बँक यांच्यात झालेला करार या प्रकाराचा आद्य नमुना मानला जातो. आयबीएमकडे जर्मन मार्क आणि स्विस फ्रँकमधली जुनी कर्जं होती. डॉलर वधारल्याने डॉलरच्या हिशेबात ती हलकी झाली होती आणि तो लाभ तिला पक्का करायचा होता. जागतिक बँकेला कमी व्याजाची हीच चलनं हवी होती, पण तिथल्या बाजारांत ती आधीच भरपूर कर्ज उचलून बसली होती. बँकेने डॉलरमध्ये रोखे काढले आणि दोघांनी एकमेकांची देणी उचलली. आयबीएमने कर्जाचे पैसे आधीच वापरलेले होते, हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे : देणी एकदा उभी राहिली की त्यांचं चलन नंतरही बदलता येतं.

आता सगळ्यात अवघड भागाकडे येतो. दुसऱ्या वर्षाचं व्याज देऊन झालं आहे, एकच वर्ष उरलं आहे आणि युरो १०० ला आहे. कराराची आजची किंमत किती? फाउंड्रीला वर्षाअखेर १० लाख ५७ हजार युरो द्यायचे आहेत आणि ९ कोटी ८१ लाख रुपये घ्यायचे आहेत. आजच्या भावाने सरळ वजाबाकी केली तर तोटा ७६ लाख दिसतो, पण ती वजाबाकी चुकीची आहे. वरच्याच ठोक दरांनी, म्हणजे युरोची रक्कम ३ टक्क्यांनी आणि रुपयांची ७ टक्क्यांनी, आजच्या किमतीत आणावी लागते. तसं केलं की देणं सुमारे १० कोटी २६ लाख, घेणं सुमारे ९ कोटी १७ लाख आणि तोटा जवळपास १ कोटी ९ लाख निघतो. बँकेकडून वेळोवेळी येणाऱ्या पत्रकात हाच आकडा असतो, आणि तो पडताळता येणं हे हिशेबनिसाचं मुख्य काम आहे.

हा तोटा कागदावरचा आहे, निर्यातीचे युरो तो भरून काढतील, हे म्हणणं खरं आहे. पण करारात तारण वाढवण्याचं कलम असेल तर बँक आज ठेव मागते आणि निर्यातीचे युरो येतात पुढे, महिन्या-महिन्याने. सचोटीने जोखीम झाकलेला कारखानाही या मधल्या काळात रोकडीवाचून अडकू शकतो. त्याच्या खेळत्या भांडवलाची मर्यादा तारणात खाल्ली जाते. युरोपातल्या खरेदीदाराने ऑर्डर कमी केली तर झाकलेली जोखीम अंशतः उघडी पडते आणि करार मात्र पूर्ण रकमेचा राहतो. म्हणून अनुभवी वित्त अधिकारी सगळ्या अपेक्षित आवकेवर स्वॅप करत नाही. वाईट वर्षातही नक्की येईल एवढ्याच रकमेवर करतो.

शेवटची एक खबरदारी पुस्तकभर पुन्हा पुन्हा येईल. कर्ज आणि स्वॅप ही दोन वेगळी बंधनं आहेत. फाउंड्रीने स्थानिक बँकेचे ९ कोटी मुदतीआधी फेडले तरी स्वॅप जिवंत राहतो. ठरल्या तारखांना ५७ हजार युरो द्यावेच लागतात. तो मोडायचा तर त्या दिवसाच्या किमतीने हिशेब चुकता करावा लागतो, वर काढलेल्या १ कोटी ९ लाखांसारख्या रकमेने. पहिल्या प्रकरणात याच व्यवहाराचा तारीखवार तक्ता दिला आहे. वाचकाने तो झाकून ठेवून आधी स्वतः मांडावा, आणि युरो ८० ला गेल्यास फाउंड्री व बँक यांच्यापैकी कोणाकडून कोणाला किती येणं निघतं, हे काढून पाहावं.